एका ओळीच्या चुन्याला तीन भाव

चुन्याच्या कामाची निविदा कशी काढावी, असा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. परवा एका निवृत्त कार्यकारी अभियंत्यांनी तो फार ठसक्यात मांडला. "चुना हे हाताचं काम आहे," ते म्हणाले. "गवंड्याचा हात कागदावर उतरत नाही. तुम्ही पानंच्या पानं तपशील लिहाल आणि दर मात्र दुप्पट होतील. त्यापेक्षा बाब एका ओळीत लिहावी, अनुभवी ठेकेदार बघावा आणि त्याच्यावर सोडून द्यावं. आणि लिहायचंच असेल तर गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद हे लिहा, म्हणजे मूळ पद्धत तरी जपली जाईल." समोरच्यांनी माना डोलावल्या. मीही वयाचा मान राखून गप्प बसलो. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहितो.

पहिलं विधान अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं खोडून काढणं जास्त अवघड असतं. थापी कशी मारावी, माल किती कालवावा, रंधा कधी फिरवावा, हे कागदावर येत नाही हे मला मान्य आहे. पण किती भिंत फोडायची, किती जाड लिंपायचं, कुठला चुना, दोन हातांमध्ये किती दिवस थांबायचं, हे सगळं कागदावर येतं. जे येत नाही त्याचं निमित्त करून जे येतं तेही लिहायचं नाही, याला मी अनुभव म्हणत नाही, आळस म्हणतो.

वाद हवेत नको म्हणून एक भिंत समोर धरू. घाटावरच्या कुठल्याही गावात असावी अशी: वाड्याची बाहेरची भिंत, १८ मीटर लांब, ४.५ मीटर उंच, म्हणजे ८१ चौरस मीटर. दारं-खिडक्यांचे ९ वजा केले की ७२ राहतात. आत वीट आणि भेंडा, बाहेर चुन्याचा जुना गिलावा. आकडे हिशेबापुरते आहेत; दर वाचकांनी आपापल्या तालुक्यातले घालावेत. निविदेतली ओळ अशी: "जुना खराब गिलावा काढून २० मिमी जाडीचा १:३ प्रमाणाचा चुन्याचा गिलावा पूर्ण करणे, ७२ चौ.मी." दर आले ६२०, १,१५० आणि २,३०० रुपये. एकूण रक्कम अनुक्रमे ४४,६४०, ८२,८०० आणि १,६५,६०० रुपये. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात पावणेचार पटींचं अंतर.

एवढं अंतर दिसलं की कार्यालयात दोन प्रकारची कुजबुज सुरू होते. खालचा चोर आहे, किंवा वरचा लुटारू आहे. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दोघंही प्रामाणिक असतात. तिघांनी तीच ओळ वाचली, पण तीन वेगळ्या भिंती पाहिल्या. पहिल्याने "खराब" म्हणजे हाताने ओढला तर सुटणारा पापुद्रा, असं धरलं. पिशवीतली चुन्याची पूड घ्यायची, पकड यावी म्हणून ओंजळभर सिमेंट टाकायचं, एका हातात वीस मिमी चढवायचे आणि शनिवारी पाटी उचलायची. दुसऱ्याने दोन हात धरले, पिशवीचाच चुना धरला. तिसऱ्याने सगळी भिंत विटेपर्यंत खरवडायची, सांधे कोरायचे, कळीचा चुना हौदात विझवून महिनाभर मुरवायचा, तीन हात द्यायचे आणि वर गोणपाट लावून पंधरवडा पाणी मारायचं, असं धरलं. ओळीत यातलं काहीही निषिद्ध नाही. आणि नियम म्हणतो की सर्वांत कमी दर घ्या. म्हणजे ज्याने कामाचा सर्वांत लहान अर्थ लावला त्याला काम.

आपल्याकडे तर याहून वाईट होतं, कारण सार्वजनिक बांधकामातली बरीच कामं ब-१ नमुन्यावर निघतात. तिथे ठेकेदार बाबवार दर देतच नाही. अंदाजपत्रकाच्या रकमेवर "१५ टक्के कमी" एवढा एकच आकडा देतो. दोन निविदांचे आकडे एका ओळीत मांडले की तुलना अगदी स्वच्छ दिसते. आकड्यांची तुलना होते, कामांची होत नाही. चुन्याची बाब त्या टक्क्याच्या पोटात कुठे गेली, हे गिलावा पडेपर्यंत कळत नाही.

आता तीच भिंत घेऊन निविदेच्या आधी जे करायला हवं ते करू. लाकडी मोगरी आणि खडू घ्यायचा. तळापासून वर, वीतभर अंतराने, हलके ठोकत जायचं. घट्ट गिलावा टणक वाजतो. भिंतीपासून सुटलेला भदभदतो. भदभदलं की खडूने रेघ मारायची. कान तयार नसेल तर पहिल्या दिवशी गवंडी बरोबर न्यावा. तासाभरात फरक कळायला लागतो. मग खडूने घेरलेल्या प्रत्येक तुकड्यावर तळहात ठेवून दाबायचं. काही तुकडे हलतात, काही नुसते वाजतात पण जागच्या जागी घट्ट असतात. हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. हलतो तो काढायचा. वाजतो पण हलत नाही, त्याच्या मागच्या पोकळीत बारीक भोकातून पातळ चुना भरून तो वाचवता येतो.

समजा आपल्या भिंतीवर असं निघालं: ४७ चौरस मीटर घट्ट, ६ पोकळ पण स्थिर, १३ हलणारे आणि ६ आधीच गळून पडलेले. म्हणजे नवा गिलावा १९ चौरस मीटरवर. निविदेत आकडा होता ७२.

हा आकडा बघितला की तिसऱ्या ठेकेदाराबद्दलही जरा सावध व्हायला होतं. सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत मन लावून काम करणारा हा माणूस ४७ चौरस मीटर धडधाकट जुना गिलावा खरवडून टाकणार होता, तोही निविदेच्या ओळीला धरूनच. महाग निविदा म्हणजे चांगली निविदा हा समज जितका घातक तितकाच स्वस्ताचा मोह.

आणि दर फुगण्याचं काय? सर्वांत महाग दर घ्या, २,३०० रुपये. १९ चौरस मीटरचे होतात ४३,७००. पोकळ भागात चुना भरायला १,५०० रुपयांनी ६ चौरस मीटरचे ९,०००. खोल खड्ड्यांसाठी पुढे सांगतो त्या हिशेबाने ८,७५०. एकूण ६१,४५०. म्हणजे सर्वांत चोख काम, सर्वांत महाग दराने, मधल्या ठेकेदाराच्या ८२,८०० रुपयांपेक्षा स्वस्त पडतं. तपशील लिहिला की दर वाढतो हे खरं. पण तपशील लिहिण्यासाठी मोजावं लागतं आणि मोजलं की काम घटतं. दर आणि रक्कम यांतला हा फरक हयातभर अंदाजपत्रकं तपासलेल्या माणसाने विसरावा, याचं मला आश्चर्य वाटतं. शिवाय त्या ४४,६४० रुपयांच्या कामात सिमेंट आहे. ते भिंतीतली ओल आत कोंडेल, लोणा शेजारच्या जुन्या चुन्याकडे ढकलेल आणि जिथे नवा-जुना गिलावा मिळतो त्या कडेवरच आधी फुटेल.

मोजलेला आकडाही शेवटी अंदाजच असतो. परांची बांधल्यावर वरच्या भागात आणखी दोन-चार चौरस मीटर भदभदणारच. म्हणून निविदेत दोन गोष्टी लिहाव्यात: हे परिमाण अंदाजी आहे, आणि परांचीवर चढून दोन्ही पक्षांनी मिळून पुन्हा ठोकून, खडूच्या रेघांचे फोटो घेऊन अंतिम क्षेत्र ठरवायचं आहे. काढण्याआधी. काढल्यानंतर "हाही खराबच होता" हे कोण कसं खोटं ठरवणार?

आता जाडी. "२० मिमी" हा शब्द निविदेतला सगळ्यांत निरागस दिसणारा आणि सगळ्यांत मोठा घोळ घालणारा शब्द आहे. जुनी भिंत आरशासारखी नसते. लांब पट्टी लावून पाहिलं की कुठे वीस, कुठे पंचेचाळीस मिमी खोली निघते. आपल्या १९ चौरस मीटरपैकी ७ मध्ये सरासरी ४५ मिमी खोली आहे असं धरू. वीसच्या हिशेबाने माल लागतो ०.३८ घनमीटर. खड्ड्यांचे जादा २५ मिमी सात चौरस मीटरवर म्हणजे ०.१७५ घनमीटर. माल जवळजवळ निम्म्याने वाढला. ज्याने भिंत पाहून दर भरला त्याने हे धरलं, ज्याने कार्यालयात बसून भरला त्याने धरलं नाही, आणि दुसराच जिंकला. पुढे तो हेच जादा काम म्हणून मागेल, किंवा मागणारच नाही, खड्ड्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट कोंबून मोकळा होईल.

उपाय सोपा आहे. मूळ बाब २० मिमीची ठेवायची आणि शेजारी वेगळी बाब द्यायची: "खोल जागी प्रत्येक वाढीव १० मिमीसाठी, प्रति चौ.मी." आपल्या भिंतीला ते साडेसतरा एकक होतात, पाचशे रुपयांनी ८,७५०. आता सगळे एकाच खड्ड्याचा भाव देतात. याच बाबीत आणखी एक वाक्य हवं: कुठलाही हात १२ मिमीपेक्षा जाड असू नये. चुना हवेतला कर्बवायू घेऊन कडक होतो आणि तो बाहेरून आत, फार सावकाश जातो. एका झटक्यात पंचेचाळीस मिमी थापलं की वरची साल धरते, आतला माल ओलाच राहतो, आणि आक्रसताना तडे जातात किंवा सगळाच्या सगळा आपल्या वजनाने पोट काढतो.

हातांमधला काळ दिवसांत लिहू नये असं माझं मत आहे. नाशिकचा जानेवारी आणि सावंतवाडीचा ऑक्टोबर यांना एकच "सात दिवस" कसे लागू होतील? त्यापेक्षा गवंडी ज्या खुणेवर काम करतो तीच खूण लिहावी: अंगठा दाबला तर ठसा उठू नये, पण नखाने ओरखडा उठावा. हे वाचून निवृत्त साहेब हसतील. पण ही खूण शाखा अभियंता आणि मिस्त्री दोघांनाही तपासता येते, वादात दाखवता येते. कागदावर उतरत नाही म्हणून ज्या हाताचं कौतुक चाललं होतं, त्याच हाताची ही भाषा आहे. आणि या खुणेचा एक फायदा चोरटा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नखाने ओरखडा उठलाच नाही, तर समजावं की चुन्यात सिमेंट आहे.

या काळाचा हिशेब मुदतीतही दिसायला हवा. खोल जागी ४५ मिमीला किमान चार हात, प्रत्येक हातामागे साधारण आठवडा, वर पाणी मारणं. कार्यादेश जानेवारीच्या शेवटी आणि पूर्तता ३१ मार्चच्या आत अशी निविदा निघते, तेव्हा महिनाभर चुना मुरवून चार हात देईन म्हणणाऱ्याला तुम्ही दारातच अडवलेलं असतं. मुदत हीसुद्धा तपशिलाचीच एक ओळ आहे, आणि बहुतेक निविदांमध्ये तीच बाकीच्या सगळ्या ओळींना खोटं पाडते.

आता १:३. एक म्हणजे कशाचा एक? जुन्या कागदांत अनेकदा तो कळीच्या चुन्याचा असे. कळी विझली की आकारमान दुपटीच्या आसपास जातं. म्हणजे कळीचा १:३ हा मुरलेल्या चुन्याच्या हिशेबाने जवळपास १:१.५ होतो. आजच्या निविदेत जुना १:३ उतरवला आणि ठेकेदाराने पिशवीतली पूड मापली, तर बंधक निम्म्यावर आला, तरी प्रमाण मात्र जसंच्या तसं. त्यात वाळू. ओलसर बारीक वाळू फुगते, कोरडीच्या पाव पटीपर्यंत सहज. ओल्या वाळूची घमेली मापली की प्रत्यक्षात वाळू कमी पडते. म्हणून निविदेत लिहावं: चुना मुरलेला, लोण्यासारखा, बारीक जाळीतून गाळलेला, वाळू कोरडी किंवा फुगवट्याची वजावट करून, दोन्ही एकाच मापाच्या पेटीने. एवढी तीन वाक्यं. आणि आयएस ७१२ प्रमाणे चुन्याचा वर्ग. त्या मानकात ए ते एफ असे सहा वर्ग आहेत, पाण्यात घट्ट होणाऱ्यापासून फक्त हवेत घट्ट होणाऱ्यापर्यंत. नुसतं "चुना" लिहिलं की सहाही बसतात आणि सहांचे भाव वेगळे.

गाळण्याची अट सोडली तर काय होतं ते गिलावाच सांगतो. दोन-तीन महिन्यांनी लाह्या फुटाव्यात तसे छोटे खळगे उडतात आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका असतो. तो न विझलेल्या चुन्याचा खडा. भिंतीवर बसून विझला आणि फुगला. हे दिसेपर्यंत देयक गेलेलं असतं.

राहिला गूळ आणि हिरडा. हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यावर बोललं की लोकांना वाटतं आपण परंपरेवर उठलो. गुळाच्या पाण्याने माल पळतो, कमी पाण्यात कालवता येतो; तागाने तडे आवरतात; हे जुन्या कारागिरांना ठाऊक होतं आणि त्यात काही खोटं नाही. पण निविदेत "गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यथायोग्य प्रमाणात" असं लिहिणं म्हणजे काय? एकाने हौदात गुळाची ढेप टाकली, दुसऱ्याने खडा दाखवला. दोघांनीही अट पाळली. मोजमाप पुस्तिकेत हे कसं नोंदवणार? वर गूळ जास्त झाला तर गिलावा धरायलाच उशीर लावतो. हे घटक हवेच असतील तर चुन्याच्या वजनाला किती, किती दिवस भिजवून, हे लिहा; नाहीतर त्यांचा उल्लेखच नको. दक्खनच्या जुन्या गिलाव्याचं पृथक्करण करून वाळूचं प्रमाण काढता येतं, कारण इथली बेसॉल्टची वाळू सौम्य आम्लात फारशी विरघळत नाही आणि चुना विरघळतो. कोकणात शिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू असेल तर हीच चाचणी फसते, वाळूही चुन्याबरोबर जाते. मूळ पद्धत जपायची म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तपासावं. बेलफळाचं नाव घेतल्याने भिंतीत बेलफळ येत नाही.

मोजता येणार नाही अशी गोष्ट उरतेच, तीही मी टाकून देत नाही. पृष्ठभागाचा पोत, कडेचं मिलन, घोटाईची तकाकी, हे शब्दांत पकडायला गेलं की "उत्तम दर्जाचं" सारखे पोकळ शब्द येतात. त्यासाठी नमुना चौकट. भिंतीच्याच एका कोपऱ्यात, ज्याने काम करायचं त्याच मिस्त्रीने, एक चौरस मीटर करून दाखवायचं. प्रत्येक हाताची एक पायरी उघडी ठेवायची, म्हणजे आतलं दिसतं. ती मंजूर झाल्याशिवाय बाकीची भिंत सुरू नाही, आणि काम संपेपर्यंत ती झाकायची नाही. ही चौकट स्वतंत्र बाब म्हणून पैसे देऊन करून घ्यावी. फुकट मागितली तर फुकटसारखीच होते. आणि प्रत्येक हात पुढच्या हाताखाली जाण्याआधी मोजमाप पुस्तिकेत नोंदवावा, देयकही हातानुसार असावं. शेवटी एकदम मोजायचं ठरलं की मधला हात कागदावरच दिला जातो.

हे सगळं एकत्र केलं तर निविदेत चुन्याच्या गिलाव्याच्या पाच बाबी आणि दीड पान तपशील होतो. काढणं, १३ चौरस मीटर. पोकळीत चुना भरणं, ६. नवा गिलावा २० मिमी, १९. वाढीव जाडी, साडेसतरा एकक. नमुना चौकट, एक. सोबत खडूच्या रेघांचा नकाशा. निविदापूर्व बैठक भिंतीसमोर, कार्यालयात नव्हे. मग आलेल्या दरांत फरक राहील, राहायलाच हवा. पण तो एकाचा गवंडी महाग, एकाची वाहतूक लांबची, एकाला नफा कमी चालतो, असा असेल. तोच फरक निविदेने शोधायचा असतो.

"अनुभवी ठेकेदारावर सोडा" म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे. तो अनुभवी ठेकेदार तुमच्या एका ओळीच्या निविदेत काम मिळवतो कसा? त्याला माहीत असतं की खड्डे खोल आहेत, चुना मुरायला महिना लागतो, मार्चअखेर होणार नाही. हे सगळं तो दरात धरतो आणि हरतो. दोन-तीनदा हरला की चुन्याच्या निविदा भरणंच सोडतो. मग पुढच्या वेळी कार्यालय लिहितं की चुन्याचं काम करणारे लोक आता मिळत नाहीत.

ज्यांच्याकडे पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक आहे त्यांना विनंती: मार्चची वाट बघू नका. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरात मोगरी आणि खडू घेऊन भिंतीपाशी जा. तेव्हा ओल कुठून येते तेही दिसतं, आणि पागोळी किंवा फुटका पाइप आधी दुरुस्त न करता लावलेला कुठलाच गिलावा टिकत नाही.